त्याचा मंगळ, माझा शुक्र आणि मधले ९३ अंश

वडगावची_पोरगी
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. लग्न ठरलंय, मुलगा निपाणीचा, घरच्यांचा तंबाखूचा व्यापार, चार वर्षं ओळख आहे. गुण ३६ पैकी २४ जुळले, आईने गोकाकच्या शास्त्रींना दाखवलं ते पण हो म्हणाले, सगळं चांगलं आहे, फक्त आम्ही दोघं भांडतो. आणि साधं नाही भांडत, ठरलेलं असल्यासारखं तेच तेच भांडण. तो मला न विचारता काहीतरी मोठं करून टाकतो आणि सगळ्यांसमोर जाहीर करतो, मी तिथं हसते आणि नंतर दोन दिवस बोलत नाही, मग तो चिडतो की एवढं केलं तरी तोंड वाकडंच.

उदाहरण सांगते. ऑक्टोबरात त्याने निपाणीचं कार्यालय बुक केलं आणि दोन्ही घरांच्या ग्रुपवर फोटो टाकला. मला ग्रुपवरच कळलं! काकू लोकांचे अंगठे आणि लाडू पडायला लागले आणि मी बँकेत काउंटरवर बसून ते बघतेय, समोर पेन्शनवाले आजोबा पासबुक धरून उभे. रात्री फोनवर जे झालं ते लिहीत नाही. साडेअकराला हा गाडी काढून निपाणीहून इथं, आमच्या गल्लीच्या तोंडाला उभा, हातात कुंद्याचा बॉक्स. मी खाली गेले. हे पण तितकंच खरं आहे, मी खाली जातेच.

तर मैत्रिणीने एका साईटवर दोघांच्या तारखा टाकल्या, तिथं आलं की त्याचा मंगळ माझ्या शुक्राशी स्क्वेअरमध्ये, ९३ अंश, आणि खाली "ओढ खूप पण भांडण कायमचं" असं काहीतरी. त्याचा जन्म २४ मे १९९३, माझा २४ ऑक्टोबर १९९५. साईटवर त्याचा मंगळ सिंहेत १४ आणि माझा शुक्र वृश्चिकेत १७ दाखवतात, पण आमच्या पत्रिकेत त्याचा मंगळ कर्केत आणि माझा शुक्र तूळेत आहे. कुठलं खरं? आणि हे स्क्वेअर म्हणजे शास्त्री का नाही बोलले?

बापू_संकेश्वर
ताई घाबरू नका. मंगळ आहे म्हणजे मंगळदोष, पहिल्या चौथ्या सातव्या आठव्या बाराव्यात मंगळ असला की लागतो, आणि कन्नड शास्त्री लोक दुसरं घर पण धरतात, त्याला ते कुजदोष म्हणतात. दोघांनाही असेल तर कटतो. मुलाच्या पत्रिकेत मंगळ कितव्या घरात आहे ते टाका, लगेच सांगतो. मंगळ शांत करून घेतलात की भांडण बंद. माझ्या मेव्हण्याचं असंच होतं, कपिलेश्वरात जाऊन करून आलो, आता पोरगा बारावीला आहे.

वडगावची_पोरगी
बापू काका दोष नाही म्हणाले शास्त्री. मी दुसरंच विचारतेय, दोघांच्या पत्रिका एकमेकांवर ठेवून बघतात ते.

सायन_निरयन
बापूंचं घरांचं गणित बरोबर आहे पण प्रश्न तो नाही. मंगळदोष एकाच पत्रिकेत बघतात, लग्नापासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून घर मोजून. इथं एकाचा ग्रह आणि दुसऱ्याचा ग्रह यांच्यातलं अंतर विचारलंय. गुणमेलनात हे येतच नाही, ३६ गुण चंद्राच्या नक्षत्रावरून आणि राशीवरून निघतात, त्यात मंगळ-शुक्र कुठेच नाहीत. म्हणून शास्त्री बोलले नाहीत, त्यांची काही चूक नाही.

आता राशी दोन का दिसतात. साईट सायन पद्धतीने मोजते, म्हणजे वसंतसंपातापासून, आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून. दोन्हीत अयनांशाचा फरक, तुमच्या जन्मवर्षांना तो साधारण पावणेचोवीस अंश होता. सायन सिंह १४ मधून तेवढे वजा करा, निरयन कर्क २० येतं. वृश्चिक १७ मधून वजा करा, तूळ २३ येतं. म्हणजे राशी दोन्हीकडच्या सरकल्या पण मधलं अंतर तेच राहिलं, ९३. दोघांच्यातून सारखंच वजा झालं ना. दोन वर्षांत अयनांश जेमतेम दोन कला वाढतो, तो सोडून द्या.

त्यामुळे स्क्वेअर, आपण केंद्रयोग म्हणतो तो, दोन्ही पद्धतींत आहे. ९० ला तीन अंशांचा फरक, दोन पत्रिका जुळवताना बहुतेक जण पाच-सहा अंशांपर्यंत धरतात म्हणजे हा चांगलाच जवळचा झाला. आणि एक बरं आहे, यात जन्मवेळ चुकली तरी फारसं बिघडत नाही. तेव्हा मंगळ दिवसाला अर्धा अंश चालत होता आणि शुक्र सव्वा अंश. आपल्याकडे वेळ "गुरं परतली तेव्हा" अशी असते, त्यात लग्न बदलेल, चंद्र थोडा हलेल, हे दोघं हलणार नाहीत.

वैजू_अनगोळ
२४ ऑक्टोबर १९९५ म्हणजे ग्रहणाचा दिवस की गं! दिवाळीतलं सूर्यग्रहण, सकाळी होतं, आम्ही लहान होतो, आई बाहेर सोडत नव्हती आणि टीव्हीवर उत्तरेत पूर्ण झालेलं दाखवलं होतं. ग्रहणात जन्म म्हणजे त्याची शांत केली होती का? मला वाटतं सगळं मूळ तिथं आहे.

वडगावची_पोरगी
हो तोच दिवस. आई म्हणते ग्रहण सुटल्यावर अर्ध्या तासाने झाले, आजी म्हणायची सुटायच्या आधी. या दोघींचं पण भांडणच होतं शेवटपर्यंत 😄 वैजूताई ग्रहणाचा वेगळा धागा काढा ना, मी येते तिथं.

@सायन_निरयन थँक्यू, राशीचं कळलं. पण ओढ आणि भांडण दोन्ही एकाच गोष्टीतून कसं येतं म्हणतात ते सांगा की.

सायन_निरयन
ज्योतिषी काय म्हणतात ते सांगतो. शुक्र म्हणजे माणसाला काय आवडतं, आपल्यावर कुणी कसं प्रेम करावं असं त्याला वाटतं. मंगळ म्हणजे हवं ते मिळवायला माणूस कसा धावतो. एकाचा मंगळ दुसऱ्याच्या शुक्रावर आला, युती म्हणतात ती झाली, तर धावण्याची रीत आणि आवडण्याची रीत एकच. १२० अंशांवर नवपंचम असेल तरी सुरळीत. केंद्रात मंगळाचा रोख शुक्राकडेच असतो, म्हणून ओढ. ती व्यक्ती नजरेआड होतच नाही. पण रोख असतो आडवा. त्याला ज्या रीतीने प्रेम दाखवता येतं नेमकी तीच रीत तिला खुपते, आणि ती मागे सरली की मंगळाला अजून चेव येतो, तो त्याच रीतीने अजून जोर लावतो. म्हणून भांडण दरवेळी नवं नसतं, तेच असतं.

तुमचं सायनने वाचलं तर फारच चपखल बसतं. सिंहेचा मंगळ चारचौघांत, वाजत गाजत, बघा मी काय केलं. वृश्चिकेच्या शुक्राला दोघांतलं दोघांतच हवं, आधी मला सांग मग जगाला, आणि एकदा मनात धरलं की धरलं. कार्यालयाचा फोटो ग्रुपवर टाकणं आणि दोन दिवस न बोलणं हे पुस्तकात घालावं असं आहे. त्यात दोन्ही स्थिर राशी, कोणीच जागचं हलत नाही.

अजून एक. उलटी बाजू पण बघायची असते, तुमचा मंगळ आणि त्याचा शुक्र. त्याचा शुक्र सायन मेषेत अठरा-एकोणीस, तुमचा मंगळ धनूत दोन-तीन. अंतर १३६ च्या आसपास, मोठा योग कुठलाच होत नाही. म्हणजे हा एकतर्फी केंद्रयोग, ढकलणारा नेहमी तो आणि मागे सरणाऱ्या तुम्ही. दोन्हीकडून असता तर भूमिका अदलाबदल झाल्या असत्या.

शास्त्रीबुवांची_नात
थांबा जरा. सायनने चपखल बसलं म्हणता, मग निरयनने पण वाचून दाखवा की. कर्केत मंगळ नीचेचा, तुळेत शुक्र स्वगृही. आमचे आजोबा कर्केच्या मंगळाला काय म्हणायचे माहीत आहे? रुसणारा मंगळ. समोरून वार नाही, मनात ठेवतो, घरच्यांच्या आडून बोलतो. आणि तुळेचा शुक्र चारचौघांत गोड, हसून साजरं करणारा, भांडण टाळणारा. राशीही स्थिर नाहीत, दोन्ही चर. म्हणजे तुमच्या वाचनातला मुलगा वाजत गाजत येतो आणि आजोबांच्या वाचनातला रुसून बसतो. मुलगा तर एकच आहे!

सायन_निरयन
मुद्दा मान्य. कोन दोघांकडे एक, गोष्ट दोन.

शास्त्रीबुवांची_नात
आणि कोनाबद्दल पण आमच्याकडे वेगळं आहे. आपल्यात ९० अंश म्हणून काही बघत नाहीत, दृष्टी बघतात. सगळ्या ग्रहांची सातवी दृष्टी पूर्ण असते, मंगळाला त्याशिवाय चौथी आणि आठवी पूर्ण. कर्केपासून मोजा, कर्क सिंह कन्या तूळ, चौथी आली. म्हणजे याचा मंगळ हिच्या शुक्राला पूर्ण दृष्टीने बघतो. पण समजा उलट असतं, शुक्र मंगळाच्या मागे ९० अंशांवर, तर तो मंगळापासून दहावा झाला. दहाव्यावर मंगळाची पाव दृष्टी, पूर्ण दृष्टी तिथं शनीची. पाश्चात्य लोकांना पुढे असो मागे असो स्क्वेअर तो स्क्वेअर, आमच्याकडे एका बाजूने फार आणि दुसऱ्या बाजूने जवळजवळ काहीच नाही. इथं योगायोगाने दोघांचं उत्तर जुळलं एवढंच.

शुक्र उलटा मंगळाला बघत नाही हे पण लक्षात ठेवा, त्याला फक्त सातवी. तेव्हा एकतर्फी हे आम्हीही म्हणू, पण वेगळ्या कारणाने.

रव्या_खानापूर
मी पण माझं विचारून घेतो, आमचं पण दिवसाआड भांडूलालंय. पंचांगाप्रमाणे माझा मंगळ वृषभेत २८, बायकोचा शुक्र कन्येत १. ॲपवर स्क्वेअर आला लाल रंगात. मग आमचं पण तेच काय? बायकोला दाखवलो तर ती म्हणते मंगळ सोड आधी ओला टॉवेल गादीवरून उचल.

शास्त्रीबुवांची_नात
रवीदादा, वहिनींचं बरोबर आहे 😂 तरी सांगते. वृषभ २८ ते कन्या १ म्हणजे अंतर ९३च, या ताईंसारखं. पण वृषभेपासून कन्या पाचवी रास. पाचव्यावर मंगळाची पूर्ण दृष्टी नाही, उलट पृथ्वी तत्त्वाच्याच दोन्ही राशी. ॲप नुसते अंश मोजतं आणि लाल करतं. राशीच्या सीमेवरचा कोन असला की असं होतं.

सायन_निरयन
आणि हे दुसऱ्या बाजूनेही फसवतं. मंगळ वृषभेत २ आणि शुक्र सिंहेत २८ असेल तर रास चौथी म्हणून दृष्टी सांगतील, पण अंशांनी ११६ होतात, तो नवपंचमाच्या जवळ गेला. म्हणून कुणी "मंगळ शुक्र केंद्रात आहेत" म्हणालं की पहिला प्रश्न, अंश किती. अंश न सांगता जो बोलतो त्याचं ऐकून सोडून द्यायचं.

रव्या_खानापूर
म्हणजे आमच्यात टॉवेलयोगच खरा. चालू द्या तुमचं.

हिशेबी_टिळकवाडी
मी यातलं काही मानत नाही, आधीच सांगतो, पण गणित आवडतं म्हणून वाचत होतो. ताई, या कोनाने "वारंवार" भांडण होतं म्हणतात तर कधी होतं ते पण सांगत असतील ना? ते तपासता येईल.

सायन_निरयन
सांगतात. गोचर मंगळ, म्हणजे त्या त्या वेळी आकाशात चालत असलेला, या दोन जागांना छेडतो तेव्हा. मंगळाला राशीचक्राची फेरी मारायला सुमारे ६८७ दिवस लागतात. त्यात तो यांच्या जागांवर एकदा युतीत येतो, एकदा समोर, दोनदा केंद्रात, म्हणजे साधारण साडेपाच-सहा महिन्यांनी एकदा, वक्री झाला तर तिथंच रेंगाळतो. इथं मंगळ आणि शुक्र ९० अंशांवरच असल्याने दोघंही एकाच आठवड्यात छेडले जातात. ताई तुमच्याकडे भांडणांच्या तारखा आहेत का? आधी तारखा द्या, मग मी मंगळ सांगतो. उलटं केलं तर कुणालाही काहीही जुळवता येतं.

वडगावची_पोरगी
व्हॉट्सॲप वर जाऊन बघितलं (लाज वाटली वाचताना). २०२५ मधली मोठी पाच: १८ मे, ३ जुलै, २८ ऑगस्ट, १४ ऑक्टोबर, ९ डिसेंबर. मेमधलं मावसबहिणीच्या लग्नातलं, स्टेजवर माईक घेऊन आमचं ठरलंय म्हणून सांगितलं त्याने, माझ्या काकांना तेव्हा माहीतच नव्हतं. ऑक्टोबरचं कार्यालयाचं. जुलैचं त्याच्या बहिणीवरून, ऑगस्टचं पैशावरून, डिसेंबरचं आता आठवत पण नाही कशावरून ते.

सायन_निरयन
१८ मेला मंगळ सायन सिंहेत चौदाच्या आसपास, त्याच्या मंगळावरच आणि तुमच्या शुक्राच्या केंद्रात. १४ ऑक्टोबरला वृश्चिकेत पंधराच्या आसपास, तुमच्या शुक्राच्या दारात. या दोन तारखा लागल्या, आणि दोन्ही "न विचारता जाहीर केलं" याच जातीच्या. ३ जुलैला मंगळ कन्येत, २८ ऑगस्टला तुळेत, ९ डिसेंबरला धनूच्या शेवटाकडे, तिघांत काही नाही. मला तरी हे बोलकं वाटतं, त्या तीन भांडणांचा विषयही वेगळाच आहे.

हिशेबी_टिळकवाडी
बरं, आता हिशेब. तुम्ही १४ ते १७ अंश धरता आणि दोन्हीकडे तीन अंशांची सूट, म्हणजे ११ ते २०, नऊ अंश. अशा चार जागा, ३६ अंश. ३६० पैकी ३६, दहा टक्के. नुसत्या नशिबाने पाचातलं अर्धं भांडण लागायला हवं होतं, दोन लागली. चांगलंय, पण पाच हा आकडा फारच लहान. आणि उरलेल्या तिघांना तुम्ही "विषय वेगळा" म्हणून बाहेर काढलंत, हे तारखा बघितल्यावर काढलंत. ताई, फेब्रुवारी २०२६ चं काय? हिशेबाने परत एक जागा यायला पाहिजे.

सायन_निरयन
येते. १० ते १४ फेब्रुवारीला मंगळ कुंभेत चौदा ते सतरा. त्याच्या मंगळासमोर, यांच्या शुक्राच्या केंद्रात.

वडगावची_पोरगी
अय्या. १४ फेब्रुवारीला आम्ही राजहंसगडावर गेलो होतो. काही झालं नाही भांडण. त्या आठवड्यातच नाही. उलट फारच... असो.

बापू_संकेश्वर
मग तेच तर! मंगळ शुक्र एकत्र म्हणजे प्रेमाचं पण कारक. प्रेम झालं, भांडण झालं नाही, योग लागू पडला.

हिशेबी_टिळकवाडी
बापू, भांडण झालं तरी लागू आणि नाही झालं तरी लागू, मग न लागायला काय करावं लागेल? मानसशास्त्रज्ञ युंगने १९५० च्या आसपास हेच केलं होतं, लग्न झालेल्या जोडप्यांच्या पत्रिका घेऊन सूर्य, चंद्र, लग्न, मंगळ, शुक्र यांचे युतीचे आणि समोरासमोरचे योग मोजले. पहिल्या १८० जोडप्यांत चंद्र-सूर्य युती वर आली, पुढच्या गठ्ठ्यात चंद्र-चंद्र, त्याच्या पुढच्यात चंद्र-लग्न. दरवेळी काहीतरी वर येत होतं, तेच परत येत नव्हतं. पन्नास योग शोधले की एखादा सापडतोच.

सायन_निरयन
बापूंचं अगदीच सोडून देऊ नका, जुनं म्हणणंच आहे की हा कोन पेटवतो, काय पेटेल ते सांगत नाही. पण तपासणीच्या दृष्टीने तुमचं खरं आहे. तसं असेल तर तारखा सांगण्यात अर्थ नाही, मग फक्त ढब सांगता येते, कोण ढकलतो आणि कोण मागे सरतो. फेब्रुवारी माझ्या विरुद्ध गेली, लिहून ठेवतो. पुढची जागा जून २०२६ च्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, मंगळ वृषभेत. आताच सांगून ठेवलं.

वैजू_अनगोळ
एक विचारू का गं, रागात कधी हात उगारतो काय? माझ्या एका जवळच्या पोरीला पाच वर्षं हेच सांगत होते की मंगळ आहे, निवळेल. निवळलं नाही. तसं काही असेल तर हे अंश बिंश बाजूला ठेव.

वडगावची_पोरगी
नाही हो ताई, तसं अजिबात नाही. आवाज पण चढवत नाही तो खरं तर. उलट गप्प होतो, आईकडून निरोप पाठवतो, "तिला विचार जेवली काय".

शास्त्रीबुवांची_नात
आईच्या आडून निरोप! कर्केचा मंगळ. आजोबांचा एक गुण वाढला 😄

सायन_निरयन
आणि स्टेजवरचा माईक? तो कुठला मंगळ?

शास्त्रीबुवांची_नात
ते काही मला सांगता येत नाही.

वडगावची_पोरगी
अपडेट देते. काल त्याला हा धागा वाचायला दिला. पूर्ण वाचला, एक तास काही बोलला नाही, मग म्हणाला मला वाटायचं तुला सरप्राइज आवडतं कारण तू सगळ्यांसमोर हसतेस. मी म्हटलं सगळ्यांसमोर काय रडू? यावर आम्ही परत भांडलो, पण छोटं. ते झालं आणि त्याने विचारलं, लग्नपत्रिका निपाणीत छापायची की बेळगावात. विचारलं हं! मी सांगितलं खडेबाजारात. तर म्हणतो अगं ॲडव्हान्स देऊन आलोय निपाणीत.

रव्या_खानापूर
जून कशाला पाहिजे आता.